कवळी, गोळ्या आणि परत जाणारे ताट

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते आमच्याकडेच राहतात. गेल्या जूनमध्ये आई गेली तेव्हा त्यांचे वजन ५८ किलो होते, आता फेब्रुवारीत ५२ भरले. जेवायला बसतात, दोन घास घेतात आणि ‘सगळं कडू लागतं’ म्हणून ताट सरकवतात. मालवणी माणूस, पण मासेसुद्धा सोडले. दिवसभर चहा-बिस्किटे आणि रात्री थोडा मऊ वरणभात, एवढ्यावर राहतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन (दिवाळीनंतर डोस दुप्पट झाला) आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, आणि आई गेल्यावर झोप येईना म्हणून ॲमिट्रिप्टिलीन, अशा गोळ्या चालू आहेत. कवळी नऊ वर्षांपूर्वीची आहे. मी आणि यजमान सकाळी आठला लोकल पकडायला निघतो, ते सातला परततो. केमिस्टने भूक वाढवणारे सिरप दिले आहे. ते सुरू करावे का? शेजारी म्हणतात, आता वयच झाले.
— एक मुलगी, लालबाग

उत्तर : सिरप सुरू करू नका. बाटलीवरचे बारीक अक्षरांतले नाव वाचून पाहा. भुकेच्या अशा औषधांत बहुधा सायप्रोहेप्टाडीन असते. ते मुळात ॲलर्जीचे औषध आहे. त्याने लहान मुलांना थोडी भूक लागते खरी, पण वृद्धांना त्याने गुंगी येते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, क्वचित भ्रम होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. अण्णांची रात्रीची ॲमिट्रिप्टिलीनची गोळी यातल्या बऱ्याच गोष्टी आधीच करत असते. त्यावर हे सिरप म्हणजे तोच त्रास दुप्पट.

सिरपापेक्षा तातडीची गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, ती म्हणजे ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग माणूस जेवलेला असो वा नसो. पूर्वी दोन वेळ पोटभर जेवणाऱ्या माणसासाठी ठरलेला डोस आता बिस्किटांवर राहणाऱ्या माणसाला दिला जात आहे, त्यामुळे साखर उतरण्याचा धोका खरा आहे. वृद्धांमध्ये घाम फुटणे, हात थरथरणे ही नेहमीची लक्षणे ठळक दिसतीलच असे नाही. कधी माणूस नुसता सुस्त होतो, असंबद्ध बोलतो किंवा दुपारी उठवता उठत नाही, आणि घरचे समजतात की वामकुक्षी लांबली. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन-तीन दिवस सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी आणि रात्री झोपताना साखर मोजा. आकडा ७० च्या खाली आला आणि अण्णा शुद्धीवर असून नीट गिळू शकत असले, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठा. मोजमाप काहीही येवो, त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात फोन करून सांगा की खाणे निम्म्यावर आले आहे आणि ग्लिमेपिराइडचा डोस तोच आहे. अशा वेळी ही गोळी कमी किंवा बंद करण्याचा निर्णय बहुतेक डॉक्टर लगेच घेतात, मात्र तो त्यांनीच घ्यायचा आहे.

आता वयाबद्दल. वय वाढले की भूक थोडी मंदावते, हे खरे. परंतु वर्षभराच्या आत वजन प्रयत्न न करता पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर वैद्यकशास्त्र त्याला वयाच्या खात्यात टाकत नाही, कारण शोधते. अण्णांचे आठ महिन्यांत सहा किलो, म्हणजे दहा टक्के गेले आहे. या वयात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि मांड्यांचे स्नायू झिजले की पडण्याची भीती वाढते. म्हणून वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नाही.

तुमच्या पत्रातल्या गोष्टी सुट्या सुट्या वाटतात, पण मला त्यात एक साखळी दिसते. जूनमध्ये दुःख आले, झोप उडाली. झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलीन आली, तिने लाळ आटवली. वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे; लाळ आटल्यावर ती सुटी होऊन हिरड्यांना घासू लागली असणार. घासते म्हणून भाकरी, मासे, फळे सुटली आणि चहा-बिस्किटे उरली. वजन उतरले तशी कवळी आणखी सैल झाली. दरम्यान मेटफॉर्मिनचा डोस वाढला आणि तोंडाला कडवट, धातूसारखी चव आली. प्रत्येक कडी पुढचीला ओढते आहे, त्यामुळे एकच कारण शोधून तेवढेच दुरुस्त करण्याने भागणार नाही. हा अर्थात पत्रावरून बांधलेला तर्क आहे. तो खरा की खोटा हे तुम्हाला घरीच बऱ्यापैकी पडताळून पाहता येईल.

आधी एक कागद घ्या. डाव्या बाजूला प्रत्येक गोळी कधी सुरू झाली आणि डोस कधी बदलला ते लिहा; उजव्या बाजूला चव जाणे, तोंड कोरडे पडणे, मळमळ, बद्धकोष्ठ, मासे सोडणे हे साधारण कधीपासून, ते लिहा. त्यात आयुर्वेदिक चूर्ण, कॅल्शियम, लोह आणि केमिस्टकडून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही धरा, कारण डॉक्टरांना त्या सहसा कुणी सांगत नाही. कडू चव दिवाळीनंतर सुरू झाली असेल, तर संशय मेटफॉर्मिनवर. मळमळ, अन्नावरची वासना उडणे आणि धातूची चव हे तिचे परिचित दुष्परिणाम आहेत आणि डोस वाढवल्यावर ते उफाळतात. डोस खाली आणणे, गोळी जेवणानंतर घेणे किंवा हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची गोळी देणे, हे तिन्ही मार्ग डॉक्टरांपुढे असतात. या भेटीत क्रिएटिनिनही तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडे मंदावली असतील तर हा डोस तसाही कमी करावा लागतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते. त्याने जीभ गुळगुळीत आणि लाल होते, आग होते आणि मनही खचते, म्हणून तीही तपासणी सोबत सांगा. रॅमिप्रिलच्या गटातल्या औषधांनीही काहींची चव बिघडते, पण ते जुनेच असेल आणि तक्रार नवी असेल तर त्याला मी आधी हात लावणार नाही.

ॲमिट्रिप्टिलीनबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. वृद्धांसाठी शक्यतो टाळावयाच्या औषधांच्या यादीत ते येते, आणि केवळ झोपेसाठी ते चालू ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. एकदम मात्र बंद करू नका. डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने उतरवा. गोळी उतरल्यावर एक-दोन आठवड्यांत तोंड ओलसर होऊ लागले, तर साखळीची ही कडी बरोबर ओळखली असे समजावे. कोरडेपणा आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी, की अण्णांना एक कोरडे बिस्किट पाण्याशिवाय खायला सांगा. ते घोट घेतल्यावाचून गिळता येत नसेल, तर लाळ कमी आहे. बिस्किटे चहात बुडवून खाण्याची सवय पूर्वी नव्हती आणि आता लागली असेल, तर तेही त्याचेच लक्षण.

मग तोंडात पाहायचे. येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ‘अन्न तिखटजाळ लागते’ म्हणणाऱ्या एका आजींना मी दोन वेळा तपासले, पोटाच्या तपासण्या करवल्या, त्या सगळ्या ठीक निघाल्या. तिसऱ्या भेटीत त्या सहज म्हणाल्या, की कवळी रात्रीही काढत नाही, नातवंडांना बोळके तोंड दिसायला नको. तेव्हा कुठे मी त्यांना कवळी काढायला सांगितली. टाळूवर कवळीच्या आकाराचा लालभडक ठसा होता. जणू कुणी तिची बाह्यरेषा लाल शाईने काढली होती. तो बुरशीचा संसर्ग होता. तोंडात लावायचे बुरशीनाशक औषध, रात्री कवळी बाहेर आणि तिची रोजची स्वच्छता एवढ्यावर दोन आठवड्यांत त्या पुन्हा आमटीभात खाऊ लागल्या. तेव्हापासून भूक गेलेल्या वृद्धाची कवळी काढून पाहिल्याशिवाय मी चिठ्ठीला हात लावत नाही.

तुम्ही रविवारी सकाळी, खिडकीजवळ बसवून, मोबाइलच्या टॉर्चने पाहा. कवळी काढल्यावर टाळू एकसारखी गुलाबी आहे की लाल. हिरड्यांच्या कडेला पांढुरका व्रण आहे का. ओठांचे कोपरे चिरले आहेत का. जीभ कोरडी, भेगाळलेली किंवा अगदी गुळगुळीत आहे का. मग कवळी बसवून त्यांना बोलते करा. बोलताना ती टकटक वाजते का, तोंड मोठे उघडल्यावर वरची खाली येते का, हे लक्षात येईल. शेवटी त्यांच्याबरोबर जेवायला बसा आणि फक्त पाहा. घास एका गालात ठेवून चघळत राहणे, चोथा काढून ताटाच्या कडेला ठेवणे, प्रत्येक घासाला पाणी घेणे, जेवण संपताच कवळी काढून टाकणे, यातले काही दिसले तर ‘भूक नाही’ या शब्दांचा अर्थ ‘चावता येत नाही’ असा आहे. चारचौघांत कवळी दुखते म्हणण्यापेक्षा भूक नाही म्हणणे त्या पिढीला सोपे वाटते. मात्र घास गिळतानाच घशात किंवा छातीत अडकतो असे ते म्हणाले, तर ती वेगळी गोष्ट आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

नऊ वर्षांत खालचे हाड झिजतेच, त्यामुळे कवळी सैल होणे स्वाभाविक आहे. दरवेळी नवी करावी लागत नाही; आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट बसवता येते, त्याला दंतवैद्य रिलायनिंग म्हणतात. टाळू लाल असेल तर आधी ती बरी होऊ द्यावी लागते, नाहीतर सुजलेल्या टाळूचे माप घेतले जाते आणि सूज उतरल्यावर कवळी पुन्हा सैल पडते. लालबागहून तुम्हाला मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय किंवा फोर्टमधले, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय सोयीचे पडेल. दोन्हीकडे कवळीचा स्वतंत्र विभाग आहे. घरी कवळी मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवावी, कारण टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात आणि त्यांत बुरशी घर करते. रात्री ती साध्या पाण्यात ठेवावी. गरम पाण्यात ती वाकडी होते.

मासे सोडण्याचे कारण कडू चवीपेक्षा काट्याची भीती असू शकते. आपण काटा शोधतो तो जिभेने टाळूवर घास दाबून, आणि वरच्या कवळीने टाळूच झाकलेली असते. म्हणून कवळी वापरणाऱ्यांच्या घशात काटा अडकण्याचा धोका खरोखर जास्त असतो. एकदा ठसका लागलेला माणूस ते कुणाला न सांगता मासे बंद करतो. अण्णांना तसे विचारा. मोरीला, म्हणजे मुशीला, बारीक काटे नसतात, फक्त मऊ कूर्चा असते. ती सोडवून रस्सा करा. सुरमईचा मधला काटा काढून, मांस बोटांनी चाचपून, आमटीत मोडून द्या. सुका मासा मात्र रक्तदाबामुळे टाळावा.

चवीचे आणखी एक अंग स्वयंपाकघरात आहे. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो, आणि वासाची जाणीव वयाबरोबर बोथट होते. तुम्ही सकाळी आठच्या आत झाकून ठेवलेले जेवण अण्णा दुपारी एक वाजता गार खात असतील, तर त्यातून वास उठतच नाही. जिभेला उरतो तो फक्त कडवटपणा. जाड आवरणाचा गरम डबा घ्या, किंवा शेजारच्या कुणाला एक वाजता गरम करून वाढायची विनंती करा. मीठ वाढवण्याऐवजी आंबट आणि फोडणी वाढवा. हिंग-जिऱ्याची फोडणी वाढताना द्या, लिंबू ताटातच पिळा, सोलकढी ठेवा. आंबटाने लाळही सुटते. तोंडात व्रण असतील तर मात्र ते बरे होईपर्यंत आंबट-तिखट थांबवा. वास अचानक, काही दिवसांत गेला असेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मन ही साखळीची पहिली कडी, म्हणून तिला शेवटची मानू नका. आठ महिन्यांनंतरही दुःख असणे साहजिक आहे. पण दुःखी माणूस आठवण काढून रडतो आणि मग नातवाने काही विचारले तर हसतोही; नैराश्यात हसूच आटते. वृद्ध लोक ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, चव नाही, अंगात त्राण नाही, पोट साफ होत नाही. अण्णा पहाटे तीन-चारला जागे होऊन पडून राहतात का, पेपर उघडतात का, खाली कट्ट्यावर जाणे थांबले का, ‘आता कशाला’ हे शब्द वारंवार येतात का, याकडे दोन आठवडे लक्ष द्या. आणि एकदा सरळ विचारा, ‘अण्णा, जगणं नकोसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही; असलेला बाहेर येतो. उत्तर ‘हो’ असेल, तर त्यांना एकटे न ठेवता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. नैराश्य निघाले तर औषध कोणते, हा प्रश्न भुकेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फ्लुऑक्सेटीनसारखे औषध भूक आणखी कमी करू शकते, तर मिर्टाझापीन रात्री दिल्याने झोप आणि भूक दोन्ही बहुधा सुधारतात. तुमची तक्रार वजनाची आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे निवड त्या अंगाने होईल.

आता खाणे. ५२ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५२ ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. चहा, बिस्किटे आणि थोड्या वरणभातातून त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. पदार्थांचा ढीग वाढू नका; भरलेले ताट पाहूनच भूक मरते. आहे तोच घास सकस करा. मऊ वरणभातावर दोन चमचे तूप घातले की नव्वदेक कॅलरी वाढतात आणि ताट तेवढेच राहते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. दाण्याचे कूट कोशिंबिरीत आणि भाजीत जाते, दुधाची पावडर खिरीत. जेवणाआधीचा तास चहा बंद, कारण तो पोट भरतो आणि देत काहीच नाही. बऱ्याच वृद्धांची भूक सकाळी सर्वांत चांगली असते, म्हणून तुम्ही निघण्यापूर्वी साडेसातला, सगळ्यांनी बसून, तीच मोठी न्याहारी करा : मऊ घावणे आणि अंडे, किंवा तूप घातलेली मुगाची खिचडी. रात्रीचेही एकत्र असू द्या. दिवसाचा एकच वेळ त्यांना एकटे जेवावे लागेल, तोही गरम. क्रिएटिनिन वाढलेले निघाले तर प्रथिनांचा हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि साखर नियंत्रणात आहे ना हेही पाहा. वाढलेली साखरसुद्धा वजन उतरवते.

वरचे सगळे पटले तरी तपासण्या टाळू नका. साखळी जुळते म्हणजे दुसरे काही नाही, असे होत नाही. रक्तगणना, ईएसआर, तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन, सोडियम, यकृताच्या चाचण्या, थायरॉइड, बी-१२, लघवी आणि छातीचा एक्स-रे एवढे करून घ्या. मधुमेही माणसाचे वजन उतरत असेल तर मुंबईत क्षयरोग मनात ठेवावाच लागतो. दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर थुंकीही तपासायची. घास गिळताना अडकणे, काळी किंवा रक्ताची शौच, सतत उलट्या, कावीळ, मानेत किंवा पोटात गाठ, यातले काहीही असेल तर कवळीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचानंतर आणि चहाआधी करा. रोज केले तर पाण्याच्या चढउतारानेच तुम्ही हैराण व्हाल. गोळ्या बदलून आणि कवळी बसवून चार आठवड्यांत वजन थांबले, तर मार्ग बरोबर आहे. त्यानंतर महिन्याला अर्धा ते एक किलो चढले तर ते या वयात चांगलेच. गोळ्यांचे बदल एका दिवशी सगळे करू नयेत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. त्याला अपवाद ग्लिमेपिराइडचा, ती आधीच. आणि चार आठवड्यांनी काटा ५१ दाखवत असेल, तर तो कागद आणि सर्व अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा, व पोटाची सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी करायची का, हे विचारा.